नमुना पाठवताना शून्य किंमत लिहू नका

समजा, मुळशीतल्या भरे गावातल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपला जर्मनीच्या ग्राहकाकडे पितळेचे चार बुश नमुना म्हणून पाठवायचे आहेत. पैसे घ्यायचे नाहीत, म्हणून इनव्हॉइसवर किंमत शून्य लिहिली जाते. पार्सल अडकतं ते इथेच. कस्टम्सला शून्य किंमत पटत नाही. मग अधिकारी खुलासा मागतात किंवा स्वतःच किंमत ठरवतात.

म्हणून खरी किंमत लिहा. एका बुशला अडीचशे रुपये खर्च आला असेल, तर चारांचे हजार. खाली लिहा, ‘व्यापारी मूल्य नाही, किंमत फक्त कस्टम्ससाठी’. अर्थात हा मजकूर इंग्रजीत हवा. नुसतं ‘सॅम्पल’ न लिहिता धातू, उपयोग, नग, वजन आणि एचएस कोड द्या.

तरीही या शेऱ्याने शुल्क आपोआप माफ होत नाही. युरोपीय संघात सूट मिळते ती नगण्य किमतीच्या आणि केवळ ऑर्डर मिळवण्यासाठी असलेल्या नमुन्यांना. तिथले अधिकारी माल विक्रीला निरुपयोगी करायला सांगू शकतात. तेव्हा बुशला आरपार भोक पाडा, किंवा न पुसला जाणारा ‘सॅम्पल’ शिक्का कोरा. ग्राहकाला मात्र बुश बसवून तपासायचा असेल, तर भोक पाडण्याआधी त्याला विचारा आणि शुल्क कोण भरणार ते ठरवून घ्या.