साडेतीनला लहान काटा कुठे असतो?



अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामध्ये चिखलोली आहे. तेथे आमच्या शेजारी दुसरीत शिकणारी एक मुलगी राहते. घड्याळाचा पाठ सुरू झाला तेव्हा तिने मला गळ घातली, “काका, मला कागदाचं घड्याळ करून द्या ना.” मी महाविद्यालयात गणित शिकवणारा माणूस. मला त्यात काय अवघड वाटणार? पुठ्ठ्याची तबकडी कापली, अंक लिहिले, दोन काटे लावले. लहान काटा तीनवर आणि मोठा बारावर ठेवून सांगितले, “हे तीन.” मग मोठा काटा बोटाने सहावर नेला आणि म्हणालो, “आणि हे साडेतीन.” मुलीने मान हलवली. पाठ संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील कामावर निघण्यासाठी चपला घालत होते. ते रोज साडेसातला निघतात. त्यांनी सहज विचारले, “काय गं, किती वाजले?” मुलीने भिंतीवरच्या घड्याळाकडे नीट पाहिले आणि ठामपणे सांगितले, “साडेआठ!” घरात हशा पिकला. त्यानंतर दोन दिवस ती घड्याळाकडे बघेनाशी झाली. विचारले तर म्हणे, “मला घड्याळ येत नाही.”

मी तिला जवळ बसवून विचारले, “बाळ, साडेआठ कसं ओळखलंस?” ती म्हणाली, “लहान काटा सातवर नव्हता. सातच्या पुढे गेला होता. म्हणजे तो आठचा झाला. आणि मोठा सहावर होता, म्हणून साडे.” श्रोतेहो, या उत्तरात तिची चूक कोठे आहे? माझ्या कागदी घड्याळात साडेतीनला लहान काटा नेमका तीनवर होता. मग साडेसातला तो नेमका सातवर हवा, असेच तिने मानले. तिचा तर्क बिनचूक होता. खोटे बोलले ते माझे घड्याळ.

आज बोलायचे आहे ते या एवढ्याशा गोष्टीबद्दल. दुसरीच्या मुलाला पूर्ण तास आणि अर्धा तास कागदी घड्याळावर शिकवायचा असतो. त्यात पूर्ण तास बहुतेकांना लवकर येतो. अडते ते अर्ध्या तासाशी, आणि अडते ते लहान काट्यामुळे.

खऱ्या घड्याळात तबकडीच्या मागे दातेरी चाके असतात. त्यांनी दोन्ही काटे एकमेकांशी बांधलेले असतात. मोठा काटा बारा फेऱ्या घालतो तेव्हा लहान काट्याची एक फेरी होते. म्हणजे मोठा अर्धी फेरी फिरला की लहान काटा एका अंकाकडून पुढच्या अंकाकडे अर्धी वाट चालून जातो. कागदी घड्याळात ही चाके नाहीत. तेथे एक काटा हलवला तर दुसरा जागच्या जागी राहतो. शिवाय लहान काट्याची चाल डोळ्यांत भरत नाही. माझ्या तबकडीत मोठा काटा ८ सेंटीमीटर आणि लहान ५ सेंटीमीटर होता. अर्ध्या तासात मोठ्याचे टोक सुमारे २५ सेंटीमीटर फिरते, आणि लहानाचे टोक सरकते जेमतेम सव्वा सेंटीमीटर. मी ते सरकवायला विसरलो आणि मुलीच्या मनात पक्के बसले की लहान काटा हलतच नाही.

मग मी ते घड्याळ पुन्हा केले. शिक्षक बंधुभगिनींना आणि घरी मुलांना बसवणाऱ्या आईवडिलांना उपयोग व्हावा म्हणून कृती सांगतो. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यातून २० सेंटीमीटर रुंदीची गोल तबकडी कापा. तेवढाच कागद कापून दोनदा घडी घाला, म्हणजे चार सारखे भाग पडतात. घड्यांच्या टोकांवर १२, ३, ६ आणि ९ येतात. मग प्रत्येक भागात दोन दोन अंक सारख्या अंतरावर लिहा. अंक एकापासून ओळीने लिहीत गेलात तर शेवटी जागा कमी पडते आणि अकरा-बारा एकमेकांना चिकटतात. प्रत्येक दोन अंकांच्या बरोबर मध्ये एक ठिपका द्या. हा ठिपका म्हणजे लहान काट्याचे अर्ध्या तासाचे घर. काट्यांची टोके अणकुचीदार ठेवा. टोक बोथट असेल तर काटा अंकावर आहे की ठिपक्यावर, हे मुलाला कळत नाही. लहान काटा तांबडा, मोठा निळा रंगवा. मधोमध भोक पाडून जाड दोरा ओवा, पुढे-मागे एकेक बटण लावून गाठ मारा. काटे फिरावेत, पण सोडल्यावर घसरू नयेत इतके घट्ट.

आता मोठा काटा लगेच लावू नका. पहिला दिवस एकट्या लहान काट्याचा. यात नवीन काहीच नाही. युरोपात पूर्वी कित्येक मनोऱ्यांवरच्या घड्याळांना एकच काटा असे, तासाचा. हायगेन्सने १६५६ साली लंबकाचे घड्याळ बनवले, त्यानंतर मिनिटांचा काटा रूढ होत गेला. एका काट्यावर लोकांचे भागत होते, मग मुलाचा एक दिवस का भागू नये?

मी तांबडा काटा सातवर ठेवला. “सात वाजले,” मुलगी म्हणाली. मग तो हळूहळू सरकवत सात-आठच्या मधल्या ठिपक्यावर नेला आणि विचारले, “आता?” ती गप्प. तेव्हा मी म्हणालो, “आपण कल्याणहून बदलापूरच्या गाडीत बसलो. अंबरनाथ गेलं. खिडकीतून आपली चिखलोली दिसायला लागली. कुठलं स्टेशन होऊन गेलं?”

“अंबरनाथ.”

“बदलापूर आलं का?”

“नाही अजून. यायचंय.”

“मग हा काटा बघ. कोण होऊन गेलं, आणि कोण यायचंय?”

तिने तबकडीवर बोट ठेवले. “सात होऊन गेले. आठ यायचेत.” आणि थोडे थांबून म्हणाली, “म्हणजे साडेसात!” त्या वेळी मोठा काटा घड्याळाला लावलेलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी निळा काटा लावला. आता नियम एकच ठेवला की दोन्ही काटे बरोबर हलवायचे. उजव्या हाताने मोठा बारावरून सहावर, त्याच वेळी डाव्या हाताने लहान ठिपक्यावर. घरात गजराचे जुने घड्याळ असेल तर त्याच्या मागची कळ फिरवून दाखवा. दोन्ही काटे जोडीने कसे चालतात ते मुलाला स्वतः दिसते. वाचताना प्रश्न दोनच, आणि याच क्रमाने. आधी तांबड्याला विचारायचे, “कोणता अंक होऊन गेला?” मग निळ्याला विचारायचे, “बारावर की सहावर?” क्रम उलटा झाला की मुले “तीन वाजून सहा” असे काहीतरी वाचू लागतात.

येथे एक सावधगिरी सांगतो. पुष्कळजण मुलांना सोपे म्हणून शिकवतात की, “दोन अंकांतला लहान अंक घ्यायचा.” अकरापर्यंत हे जमून जाते. पण काटा बारा आणि एक यांच्यामध्ये आला की मूल लहान अंक म्हणून एक घेते आणि साडेबाराला दीड म्हणते. म्हणून ‘लहान अंक’ म्हणू नका, ‘होऊन गेलेला अंक’ म्हणा. तो बारालाही लागू पडतो.

दुसरी अडचण आपल्या भाषेतली आहे. मुलगी म्हणाली, “साडेएक, साडेदोन.” तिला घड्याळ येत होते, शब्द यायचे होते. हा दोष घड्याळाचा धरून उत्तरावर फुली मारू नये. ‘साडे’ हा शब्द संस्कृत ‘सार्ध’वरून आला, म्हणजे अर्ध्यासह. साडेतीन म्हणजे तीन आणि वर अर्धा. येथे आपण होऊन गेलेल्या अंकाचे नाव घेतो. पण ‘अडीच’ आला ‘अर्धतृतीय’वरून, म्हणजे ज्यात तिसरा अर्धाच आहे असा. ‘दीड’ हा तसाच ‘द्व्यर्ध’वरून, दुसरा अर्धा. येथे नाव आहे ते यायच्या अंकाचे. जर्मन लोक तर आजही साडेतीनला ‘अर्धे चार’ म्हणतात. म्हणजे आमच्या शेजारच्या मुलीने साडेसातला साडेआठ म्हटले, ते काही जगावेगळे नव्हते. आधी तीनपासून बारापर्यंतचे साडे पक्के करा, आणि दीड व अडीच ही दोन वेगळी नावे शेवटी सांगा.

आता पाठाचा कागद. तो मी असा केला, हवा तर लिहून घ्या. पहिल्या ओळीत तीन घड्याळे, फक्त लहान काट्याची: एकात काटा चारवर, एकात नऊवर, एकात सात-आठच्या मध्ये. दुसऱ्या ओळीत दोन्ही काटे आणि वेळ वाचायची: साडेदहा, साडेसहा, साडेबारा. साडेसहा मुद्दाम घातले आहे, कारण तेथे दोन्ही काटे खाली जवळजवळ येतात आणि लहान काटा सहावर नसून सहाच्या पुढे आहे, हे पाहावे लागते. तिसऱ्या ओळीत काटे मुलाने काढायचे: आठ, साडेतीन, अडीच. या ओळीतल्या तबकड्यांवर मधले ठिपके देऊ नका. काटा मधोमध काढला तर समजले, अंकावरच काढला तर पुन्हा पहिल्या दिवसाकडे वळायचे.

चौथ्या ओळीत दोनच घड्याळे. दोन्हींत मोठा काटा सहावर. एकात लहान काटा पाच-सहाच्या मध्ये, दुसऱ्यात नेमका पाचवर. खाली प्रश्न: “यातले खोटे घड्याळ कोणते?”

मुलीने दुसऱ्यावर फुली मारली. मी विचारले, “खोटं कशावरून?”

“मोठा एवढा चालला आणि लहान पाचवरून हललाच नाही. असं होतच नाही.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “काका, तुमचं पहिलं घड्याळ असंच होतं.”

होते खरे. ते पहिले घड्याळ तिने टाकून दिलेले नाही. शाळेतल्या मैत्रिणींना ती ते दाखवते आणि विचारते, यात काय चुकलं आहे ते सांगा.