बगळ्याची गोष्ट, पहिलीच्या तोंडात बसेल अशी

कानाला हेडफोन लावून धानाच्या बांधीवर बसला असाल, नाहीतर भंडारा-तुमसर बसमध्ये उभे असाल, तरी आजचा भाग नीट ऐका. कारण आज एक गोष्ट आपण अक्षरशः उघडून बघणार आहोत, मोटर उघडतात तशी.

मी दर शनिवारी गावातल्या पहिली-दुसरीच्या पोरांना गोष्टी वाचून दाखवते. ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण हेच करतात, असं तुमच्या मेसेजवरून कळतं. कोणी अंगणवाडीत, कोणी आपल्याच घरच्या भाच्याला. आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: पुस्तकातली गोष्ट चांगली असते, पण मोठ्यानं वाचायला घेतली की पोरं चुळबुळ करतात, आणि त्यांना वाचायला दिली की अडकतात. मग ती सोपी करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

आपण पंचतंत्रातली बगळा आणि खेकड्याची गोष्ट घेऊ. आपला जिल्हा तलावांचा, त्यामुळे बगळा कोणाला समजवावा लागत नाही. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. म्हातारा बगळा माशांना सांगतो की दुष्काळ पडणार, तळं आटणार, चला तुम्हाला दुसऱ्या तळ्यात नेतो. एकेक मासा नेतो आणि खातो. शेवटी खेकडा त्याच्या मानेवर बसून जातो, खाली काटे बघतो आणि बगळ्याची मान पकडतो.

आता ही गोष्ट पुस्तकात साधारण कशी सुरू होते? असं समजा: ‘एका विस्तीर्ण सरोवराच्या काठी वास्तव्य करणाऱ्या एका वृद्ध बगळ्याला वार्धक्यामुळे मासे पकडणे अशक्य झाल्याने त्याने एक युक्ती योजली.’ हे वाक्य मीच बनवलंय, पण अशी वाक्यं तुम्ही पाहिली असतील. व्याकरणात काही चूक नाही. मोठ्यानं वाचून बघा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणजे ‘योजली’ येईपर्यंत पोराला सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं: सरोवर, काठ, बगळा, म्हातारपण, मासे. सहा वर्षांचं पोर ‘बगळ्याला’पर्यंत येतं आणि सोडून देतं. म्हणून पहिलं काम शब्द बदलायचं नाही, वाक्य तोडायचं. एका वाक्यात एकच घटना. ‘करणाऱ्या’, ‘झाल्याने’, ‘असताना’ असे सांधे दिसले की तिथे कात्री लावा.

तोडल्यावर ही सुरुवात मी अशी केली:

एक बोडी होती.
बोडीत मासे. काठावर बगळा.
बगळा आता थकला.
मासा दिसला. बगळा वाकला.
सुळकन मासा पळाला.
बगळा उपाशी.

यात दोन ठिकाणी ‘होता’, ‘होते’ मी मुद्दाम गाळलंय. ‘मासे होते, बगळा होता’ असं लिहिलं असतं तर प्रत्येक ओळ एकाच सुरात पडली असती. मोठ्यानं वाचताना तो ‘होता, होता’ झोप आणतो. आणखी एक. ‘मासा दिसे, बगळा वाके’ असंही लिहिता आलं असतं, त्यात ताल छान येतो. पण ‘दिसे’ असं आपल्यापैकी कोणी बोलतं का? ते रूप पुस्तकातच राहिलंय. ताल मिळाला म्हणून पोराच्या तोंडात नसलेलं क्रियापद घालू नये, असं माझं मत.

आता ‘बोडी’. हा शब्द मी सरोवराच्या जागी घातला. पुण्यात कोणी सोपं करायला बसलं तर ‘तळं’ लिहील, आणि तिथे ते बरोबरच आहे. इथे मात्र पोरं बोडीत पोहतात, बोडीतून पाणी बांधीत जातं, बांधीत रोवणी होते. सोपा शब्द म्हणजे छोटा शब्द नाही, पोराच्या कानाला ओळखीचा शब्द. ‘खाचर’ आणि ‘बांधी’ दोन्ही छोटेच आहेत, पण आपल्याकडे एकच ओळखीचा आहे.

पण कानाची परीक्षा झाली की डोळ्याचीही घ्यावी लागते, आणि या दोन परीक्षा वेगळ्या आहेत. बघा, ‘गोष्ट’ हा शब्द प्रत्येक पोराला कळतो, पण त्यात ‘ष्ट’ आहे, जोडाक्षर. उलट ‘वसन’ म्हणजे कापड. तीन सरळ अक्षरं, पहिलीचं पोर फटकन वाचतं, आणि अर्थ काहीच लागत नाही. तुम्ही वाचणार आणि पोर ऐकणार असेल, तर जोडाक्षराची चिंता सोडा, ‘म्हातारा’ बिनधास्त म्हणा. पोर स्वतः वाचणार असेल तर मात्र दोन्ही बघायचं. म्हणूनच वरती ‘म्हातारा झाला’च्या जागी ‘थकला’ आलं. अर्थ थोडा सरकला, हे मान्य. पण पुढच्या ओळी म्हातारपण दाखवतातच, मासा हातचा सुटतो म्हणून.

डोळ्याला अवघड काय असतं? जोडाक्षर, रफार आणि ऱ्हस्व इकार. हा इकार फार खोडकर. ‘कि’ लिहिताना वेलांटी क-च्या आधी दिसते, उच्चारताना मात्र नंतर येते. डोळा डावीकडून उजवीकडे जातो आणि पोर गोंधळतं. ‘र’ तर वेश बदलत फिरतो: ‘प्र’मध्ये खाली तिरका, ‘ट्र’मध्ये वेगळाच, ‘र्क’मध्ये डोक्यावर, ‘ऱ्या’मध्ये आणखी चौथा. पहिल्या गोष्टीत हे सगळं एकदम नको. माझ्या सुरुवातीत ‘दिसला’मध्ये एक ऱ्हस्व इकार राहिलाय, बघा. तो राहू दिला, कारण तो शब्द पुढे चार वेळा येतो. एकदा अडकलं तरी चौथ्यांदा सुटतं.

आता तालाकडे येऊ. खूप जण अक्षरं मोजतात आणि फसतात. आपण लिहितो तितकं बोलत नाही. ‘बगळा’ लिहिताना तीन अक्षरं, म्हणताना बग-ळा, दोन टाळ्या. ‘कासव’ का-सव, दोन. ‘बदक’ ब-दक, दोन. म्हणून अक्षरं नाही, टाळ्या मोजा. बगळ्याची थाप मी अशी बांधली:

पाणी आटणार,
बोडी सुकणार,
मासे मरणार.
चला, मी नेतो!

टाळ्या वाजवा: पा-णी आट-णार, चार. बो-डी सुक-णार, चार. मा-से मर-णार, चार. आणि ‘चला, मी नेतो’ला पाच, तिथे ताल मुद्दाम मोडतो, कारण तिथे बगळ्याचा डाव सुरू होतो. मूळ गोष्टीत बगळा ज्योतिषाचं नाव घेऊन बारा वर्षांच्या अनावृष्टीचं भाकीत सांगतो. ते मी काढलं. उन्हाळ्यात बोडी आटते हे इथल्या पोराला ज्योतिषाशिवाय ठाऊक असतं, आणि म्हणूनच माशांनी विश्वास का ठेवला हेही त्याला लगेच पटतं.

हे चार ओळींचं पालुपद प्रत्येक माशाला परत येतं. मी तीनदा ठेवलं. दुसऱ्यांदा पोरं सोबत म्हणायला लागतात, तिसऱ्यांदा तर तुम्ही गप्प बसलात तरी चालतं. चौथ्यांदा घेतलं तर मागची पोरं खिडकीबाहेर बघतात. वाचायला शिकणाऱ्याला यातून आणखी एक फायदा होतो. पालुपद तोंडपाठ झालं की तो छापील ओळीवर बोट फिरवतो आणि तोंडातला शब्द कागदावरच्या शब्दाशी जुळवतो. ‘पाठ म्हणतोय, वाचत नाहीये’ म्हणून त्याला थांबवू नका. मात्र एक बघा, बोट आणि आवाज बरोबर चालतायत का. बोट ‘बोडी’वर आणि तोंड ‘मासे’वर असेल, तर अजून जुळणी झालेली नाही.

शेवटाबद्दल मला खूप जण विचारतात. बगळा मासे खातो हे काढायचं का? लहान पोरं आहेत, घाबरतील? मी नाही काढत. मासे खाल्लेच नाहीत तर खेकड्यानं मान का पकडली? मग खेकडाच दांडगट ठरतो. फक्त खाण्याचं वर्णन करत नाही. ‘खेकडा वर बसला. खाली बघतो तर काटेच काटे!’ एवढं पुरतं. मग पान उलटायचं: ‘मान धरली. कचकन!’ आणि त्याच्या पुढच्या पानावर खेकडा एकटाच चालत बोडीवर येतो. बगळ्याचं काय झालं हे मी लिहित नाही. पोरं सांगतात, आणि दर वेळी वेगळं सांगतात. मोठी पोरं असतील तर मूळ शेवट सरळ सांगा, मान तुटते.

सगळं लिहून झालं की फोन काढा, रेकॉर्डर सुरू करा आणि गोष्ट एकदा मोठ्यानं वाचा. ऐकताना जिथे तुम्ही वाक्याच्या मधेच श्वास घेतलाय, तिथे ओळ तोडायची राहिलीय. ओळ श्वासाला संपली पाहिजे. ‘काठावर’ एका ओळीत आणि ‘बगळा’ खालच्या ओळीत असं कधी करू नका.

मग पोराला वाचायला द्या आणि नुसतं ऐका. अडखळणं तीन प्रकारचं असतं. पोर एकाच अक्षराशी दर वेळी थांबतं, म्हणजे ते अक्षर अजून आलं नाही, शब्द बदला किंवा थांबून शिकवा. अक्षरं सगळी बरोबर, पण आवाज सपाट, यादी वाचल्यासारखा, तर शब्द कानाला परका आहे. आणि शब्द सगळे कळतात पण वाक्याच्या शेवटी ‘कोण पळाला?’ विचारलं की पोर तुमच्याकडे बघत राहतं, तर वाक्य लांब आहे.

एक गोष्ट मात्र अडखळण्यात मोजू नका. झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘र’. पाणी पानी होतं, डोळा डोरा होतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी या बोलीवर आयुष्यभर काम केलंय, ही काही बिघडलेली मराठी नाही. पोर ‘पाणी आटणार’ बघून ‘पानी आटनार’ म्हणालं, तर त्यानं बरोबर वाचलंय. अक्षर ओळखलं, अर्थ लागला, आपल्या घरच्या तोंडानं म्हटलं. तिथे टोकलं की पुढच्या ओळीला ते आवाज बारीक करतं, हे मी अनेकदा पाहिलंय. मी छापताना मात्र ‘पाणी’च ठेवते, कारण तोच शब्द उद्या बालभारतीच्या पुस्तकात त्याच रूपात भेटणार आहे. यावर तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा, वाद घालायला आवडेल.

दोन कामाच्या गोष्टी पटकन. पंचतंत्र कोणाच्या मालकीचं नाही, पण त्यावरून आज कोणी लिहिलेलं पुस्तक त्या लेखकाचं असतं. तयार पुस्तक घेऊन बदल करायचे असतील, तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर बघा. २०१५ पासून तिथे खुल्या परवान्याची पुस्तकं आहेत, मराठीतही. बदलून वापरता येतात, फक्त मूळ लेखक-चित्रकाराचं नाव द्यायचं. तिथली पहिल्या पातळीची पुस्तकं साधारण २५० शब्दांच्या आत असतात. माझी बगळ्याची गोष्ट त्याहून बरीच लहान आहे.

आणि फोनवर टाईप करून प्रिंट काढणार असाल तर ‘ल’ आणि ‘श’ नीट बघा. बऱ्याच फोनच्या फाँटमध्ये ती हिंदी वळणाची येतात, पोराच्या पुस्तकात मराठी वळणाची असतात. मोठ्यांच्या लक्षातही येत नाही, पण नुकतं अक्षर शिकलेलं पोर तिथेच विचारतं, ‘ताई, हे काय आहे?’