लखनऊच्या मजलिशीतला सब्र

शिर्डीमुळे ‘सबुरी’ आपल्या घरातली झाली आहे. ती ज्या अरबी ‘सब्र’वरून आली, त्याचा अर्थ मात्र आपण फार लहान करून ठेवला आहे. ‘जरा सबुरीनं घ्या’ म्हणजे थोडं थांबा, एवढंच आपण समजतो. सब्राचा पूर्ण अर्थ कळायला मी आज तुम्हाला लखनऊला नेणार आहे, मोहरमच्या मजलिशीत.

मजलिस म्हणजे करबलाच्या शहीदांसाठी भरणारी शोकसभा. प्रेषितांचे नातू इमाम हुसैन आणि त्यांचे मूठभर साथी इसवी सन 680 मध्ये, मोहरमच्या दहा तारखेला, आजच्या इराकमधल्या करबलाच्या मैदानात मारले गेले. खलीफा यजीदची सत्ता मान्य करायला हुसैन यांनी नकार दिला होता. मजलिशीत आधी सोजख्वानी, म्हणजे शोकगीतांचं गायन, होते, मग प्रवचन करणारा जाकिर मिंबरावर, म्हणजे व्यासपीठावर, बसतो. धर्माचं विवेचन करत करत तो शेवटी करबलाच्या प्रसंगावर येतो आणि सभा मोठ्यानं रडू लागते. छाती पिटली जाते. बाहेरून आलेला माणूस इथे गोंधळतो. मिंबरावरून सब्राची थोरवी सांगितली जाते आहे आणि समोर आक्रोश चालला आहे, हे कसं?

उत्तर कुराणातच आहे. यूसुफच्या कथेत मुलगा हरवलेला बाप याकूब स्वतःच्या धीराला ‘सब्र-ए-जमील’, म्हणजे सुंदर सब्र, म्हणतो. तोच बाप रडून रडून डोळे गमावतो. तरी त्याचा सब्र मोडला असं कुराण म्हणत नाही, कारण आपलं दुःख आपण अल्लाहपाशीच मांडतो आहोत, असं तो सांगतो. रडणं सब्राच्या विरुद्ध नाही. दुःखापोटी देवावरचा विश्वास सोडणं, हातचं कर्तव्य टाकणं, हे विरुद्ध आहे.

शिया परंपरेतल्या ‘अल-काफी’ या हदीससंग्रहात सब्राचे तीन प्रकार आहेत आणि त्यांचा दर्जाही मोजून दिला आहे. संकटातल्या सब्राला तीनशे पायऱ्या, आज्ञापालनातल्या सब्राला सहाशे आणि पापापासून स्वतःला रोखणाऱ्या सब्राला नऊशे. आपण ज्याला सबुरी म्हणतो, ते सोसणं यात सर्वांत खाली आहे. वर आहे तो स्वतःवरचा ताबा. मला या क्रमात फार मोठं शहाणपण दिसतं. संकट आपल्याला विचारून येत नाही, ते सोसण्यावाचून अनेकदा गत्यंतरही नसतं. मोह मात्र हाताशी असतो, घेता येण्यासारखा असतो, आणि तिथे स्वतःला आवरणं हे सर्वस्वी आपलं काम असतं.

लखनऊमध्ये हा क्रम अब्बासच्या कथेतून लहान मुलांनाही कळतो. अब्बास हे हुसैन यांचे सावत्र भाऊ, सैन्याचे निशाणधारी. मोहरमच्या सातव्या तारखेपासून हुसैन यांच्या तळाचं पाणी तोडलं होतं, मुलं तहानेनं व्याकूळ झाली होती. या शूर माणसाला लढायचं होतं, पण काम मिळालं पाणी आणण्याचं. त्यांनी ते स्वीकारलं. परंपरा सांगते की ते फुरात नदीपर्यंत पोहोचले, ओंजळ भरली, आणि तळावरची तहान आठवून ते पाणी परत नदीत सोडलं. पाण्याची मशक भरून निघाले, तेव्हा वाटेत दोन्ही हात तोडले गेले, मशक फुटली, पाणी पोहोचलं नाही. हुकूम पाळणं, ओठांशी आलेलं पाणी नाकारणं, घाव सोसणं, हे सगळं एकाच माणसात आहे. लखनऊच्या रुस्तमनगरात हजरत अब्बास यांची दर्गाह आहे. मोहरमच्या मिरवणुकीत त्यांच्या अलमला, म्हणजे निशाणाला, मशक बांधलेली दिसते.

एकोणिसाव्या शतकात मीर अनीस आणि मिर्जा दबीर यांनी याच शहरात मर्सिया हा करबलाच्या शोककाव्याचा प्रकार शिखरावर नेला. सहा-सहा ओळींच्या बंदांच्या या दीर्घ काव्यात वीर आप्तांचा निरोप घेतो, ती ‘रुखसत’. रणात उतरून आपलं कूळ आणि आपली बाजू गर्जून सांगतो, तो ‘रजज’. मग युद्ध, शहादत, आणि शेवटी ‘बैन’, म्हणजे विलाप. हे सगळे भाग एकाच मर्सियात सुखानं नांदतात. रजजमधली गर्जना आणि युद्धातली तलवार सब्राला बाधत नाहीत, बैनमधला हंबरडाही बाधत नाही.

म्हणूनच सब्राचा एक दुरुपयोग मला फार खटकतो. पिचलेल्या माणसाला, विशेषतः घरातल्या बाईला, ‘सबुरी धर’ म्हणून गप्प बसवलं जातं. मजलिशीत सब्राचा आदर्श म्हणून जिचं नाव घेतात ती हुसैन यांची बहीण जैनब गप्प बसलेली नाही. भाऊ, मुलं, पुतणे गमावून, कैदी होऊन ती दमास्कसला यजीदच्या दरबारात उभी राहिली आणि भरदरबारात तिनं त्याला त्याचा अन्याय सुनावला. शिया परंपरेत तिचं ते भाषण सब्र सुटल्याची खूण मानली जात नाही. ते तिच्या सब्राचाच भाग आहे.