दप्तराची भाषा आणि गावाची भाषा



सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून किंवा साताऱ्याकडच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतलेला तरुण, घरची मराठी आणि विद्येची इंग्रजी एवढ्या शिदोरीवर सॉफ्टवेअरच्या कामासाठी परदेशी जाऊ म्हणतो, तेव्हा तिसरी भाषा जर्मन घ्यावी की जपानी, हा प्रश्न तो बहुधा सोपेपणाच्या आणि पगाराच्या अंगाने विचारतो. माझे म्हणणे असे की, ती भाषा तिकडे आपल्याला दिवसाच्या कोणत्या प्रहरी लागणार आहे, हे त्याने आधी विचारावे.

बर्लिनमधील पुष्कळ सॉफ्टवेअर कंपन्यांचे काम इंग्रजीत चालते, आणि उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या ब्लू कार्ड नामक परवान्यासाठी जर्मन येण्याची अटही नाही. परंतु संध्याकाळी तोच मनुष्य घराचा भाडेकरार, नगरपालिकेतील पत्त्याची नोंद आणि विमा कंपनीचे पत्र यांच्यासमोर निरक्षर ठरतो. कायद्यानेही हे ओळखले आहे: सध्याच्या नियमानुसार ब्लू कार्डधारकास ए-१ पातळीच्या जर्मनवर कायम वास्तव्याचा हक्क २७ महिन्यांनी मिळू शकतो, आणि बी-१ असल्यास २१ महिन्यांनी. म्हणजे तेथे जर्मन ही मुख्यतः गावाची भाषा आहे. ती नोकरीच्या दारात कमी आणि स्थायिक होण्याच्या दारात अधिक विचारली जाते.

जपानमध्ये ती थेट दप्तरात शिरते. कामाचा तपशील सांगणारा ‘शियोशो’ हा दस्तऐवज बहुधा जपानीत असतो, रोजचा अहवाल जपानीत लिहावा लागतो, आणि बैठकीत कोणी ‘केंतो शिमासु’, म्हणजे ‘विचार करू’, असे म्हटले, तर तो पुष्कळदा सभ्य नकार असतो, हे न कळलेला अभियंता होकार समजून आठवडाभर काम करीत राहतो.

आता आपल्या मुलांना ती किती परकी आहे ते पाहा. ‘सांगलीपासून साताऱ्यापर्यंत बसने जातो’ या वाक्याचे जपानी रूप ‘सांगुरी कारा सातारा मादे बासु दे इकिमासु’ असे होते. ‘कारा’ म्हणजे पासून, ‘मादे’ म्हणजे पर्यंत, ‘दे’ म्हणजे ने. शब्दामागून शब्द मराठीच्याच जागी बसतो, क्रियापद शेवटी येते, आणि कर्ता गाळला तरी चालतो. त्यांच्या अक्षरमालेचा का, सा, ता, ना हा क्रमदेखील बौद्ध पंडितांबरोबर गेलेल्या संस्कृत वर्णमालेवरून आलेला आहे. जर्मनमध्ये हीच बस पुल्लिंगी ‘डेअर बुस’ होते आणि ‘मिट’ या शब्दामागून आली की ‘डेम बुस’ बनते. तीन लिंगे आणि विभक्ती यांची कल्पना मराठी माणसास नवी नाही, पण आपली बस स्त्रीलिंगी असल्यामुळे जुनी सवयच चूक करवते. म्हणून जर्मन नाम त्याच्या लिंगासकटच पाठ करावे.

व्याकरणात जपानीने दिलेली ही सवलत लिपी मात्र वसूल करून घेते. जपानीच्या जुन्या परीक्षापद्धतीत दुसऱ्या पातळीसाठी, जिच्या जवळपास आजची एन-२ येते, सुमारे १,००० कांजी, ६,००० शब्द आणि ६०० तास हे प्रमाण होते. जर्मन बी-१ साठी गटे संस्था ३५० ते ६५० तासिका धरते, तासिका ४५ मिनिटांची. नोकरी सांभाळून आठवड्याला आठ तास देणाऱ्यास, मध्यम ५०० तासिका धरल्या तर, जर्मनचा हा टप्पा सुमारे ४७ आठवड्यांचा होतो. जपानीचा ७५ आठवड्यांचा, आणि कांजीची पूर्वओळख नसलेल्या आपल्या विद्यार्थ्याने याहून बरीच अधिक मुदत मनात धरावी.

परीक्षांचा स्वभावही भिन्न आहे. बी-१ मध्ये वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण या चारही भागांत ६० टक्के लागतात, पण राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो. एन-२ मध्ये १८० पैकी ९० गुण पुरेसे, तथापि तिन्ही भागांत ६० पैकी किमान १९ हवेत. समजा, एखाद्यास शब्द-व्याकरणात ५२, वाचनात ४० आणि श्रवणात १७ मिळाले. बेरीज १०९ होऊनही तो अनुत्तीर्ण, आणि पुढच्या खेपेस सगळी परीक्षा नव्याने देणे आले. एकट्याने पुस्तकातून शिकणाऱ्यांचा घात होतो तो येथेच. शिवाय या परीक्षेत बोलणे किंवा लिहिणे तपासलेच जात नाही, त्यामुळे हाती दाखला असूनही मुलाखतीत तोंड उघडत नाही असे होऊ शकते. रोज अर्धा तास कोणाशी तरी मोठ्याने बोलण्याची तजवीज नसेल, तर एन-२ चा अर्ज भरण्याची घाई करू नये.

माझा कौल असा: ज्याला दोनचार वर्षे राहून अनुभव घ्यायचा आहे आणि हाती एकच वर्ष आहे, त्याने जर्मन घ्यावी, ज्याची तीन वर्षे खर्चण्याची तयारी आहे आणि कामच त्या भाषेत करावयाचे आहे, त्याने जपानी. जपानी परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते आणि तिचे आपल्याला जवळचे केंद्र पुणे आहे.