पोटरीला आधार देणारे मोजे

द्राक्षाचा हंगाम आला की तासगावकडच्या पॅकहाऊसमध्ये बायका दिवसभर टेबलापाशी उभ्या राहून घड निवडतात. मिरजेच्या दवाखान्यांतल्या नर्स, साताऱ्याच्या साडीच्या दुकानांतल्या मुली, वर्गावरच्या शिक्षिका यांचंही तेच. संध्याकाळी पाय जड होतात, चपलेचा पट्टा रुततो. अशा पायांसाठी दाबाचे मोजे मिळतात. आज त्यांच्याविषयी बोलू.

पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं काम पोटरी करते. चालताना ती आवळते आणि शिरांतलं रक्त वर ढकलते. शिरांमधल्या झडपा ते खाली परतू देत नाहीत. एका जागी उभं राहिलं की पोटरी थांबते, रक्त खाली साचतं आणि घोट्याशी सूज येते. हा मोजा घोट्याशी सगळ्यात घट्ट आणि वर गुडघ्याकडे सैल होत जातो. त्यामुळे सूज आणि जडपणा कमी होतो. फुगलेल्या निळ्या शिरा मात्र त्याने जात नाहीत. मोजा काढला की त्या होत्या तशाच.

दाब किती हे खोक्यावर ‘एमएमएचजी’ या मापात लिहिलेलं असतं. रक्तदाब मोजतात तेच हे माप. उभ्याच्या कामाला आणि प्रवासाला साधारण १५ ते २० पुरतो. २० ते ३० चा मोजा डॉक्टरांनी सांगितला तरच घ्या. काही खोक्यांवर नुसतं ‘क्लास १’ किंवा ‘क्लास २’ असतं. त्यावर जाऊ नका, कारण ब्रिटिश पद्धतीचा क्लास १ हा जर्मन पद्धतीच्या क्लास १ पेक्षा हलका असतो. आकडा विचारा. ऑपरेशननंतर दवाखान्यात घालतात ते पांढरे लांब मोजे घरात पडून असतील, तर तेही कामावर घालू नका. ते अंथरुणावरच्या पेशंटसाठी असतात.

आता माप. बहुतेक पैसे इथंच वाया जातात. मेडिकलमध्ये आपण चपलेचा नंबर सांगतो किंवा ‘मिडियम द्या’ म्हणतो. हा मोजा पावलावर नाही, घोट्यावर आणि पोटरीवर ठरतो. सकाळी उठल्या उठल्या, पाय सुजायच्या आत, शिलाईची टेप घ्या. घोट्याच्या हाडाच्या जरा वर, पाय सगळ्यात बारीक असतो तिथला घेर मोजा. मग पोटरीचा सगळ्यात जाड भाग. मग टाचेपासून गुडघ्याच्या घडीच्या खालपर्यंतची उंची. दोन्ही पाय मोजा.

समजा, एका ताईचा घोटा सकाळी २२ सेंटिमीटर भरला आणि पोटरी ३६. संध्याकाळी कामावरून येताना मोजला असता तर सुजलेला घोटा २४ भरला असता, आणि तिच्या हातात एक साइज मोठा मोजा आला असता. तो सकाळी सैल बसतो, म्हणजे दाब नाहीच. आता खोक्यावरच्या तक्त्यात २२ आणि ३६ एकाच साइजमध्ये बसतात का बघायचं. घोटा एका साइजमध्ये आणि पोटरी दुसऱ्यात येत असेल, तर दुसऱ्या कंपनीचा तक्ता बघा. सगळ्यांचे तक्ते सारखे नसतात.

घालताना आधी पैंजण आणि जोडवी काढा, त्यांत धागा अडकतो. मोजा टाचेपर्यंत उलटा करा, पाऊल घाला, टाच नेमकी बसवा आणि मग थोडा थोडा वर घ्या. सुरकुती राहू देऊ नका. लांब झाला म्हणून वरची कड दुमडायची तर अजिबात नाही. दुमडली की तिथं दुप्पट दाब पडतो आणि दोरी बांधल्यासारखं होतं. बोटांना मुंग्या आल्या, ती निळसर किंवा गार पडली, तर लगेच काढा. रात्री झोपताना काढायचाच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बोटं उघडी असलेला प्रकार बरा पडतो.

काही जणींनी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय हा मोजा घालूच नये. चालताना पोटरी दुखते आणि थांबलं की राहते, पाय कायम गार असतात, पायाची जखम भरत नाही, किंवा साखरेमुळे पायाची जाणीव कमी झाली आहे, अशा सगळ्या. पायाला रक्त खाली नीट पोचत नसेल, तर दाबाने नुकसान होतं. आणि एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, गरम लागला, तर मोज्याचा विचार सोडा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. ती रक्ताची गुठळी असू शकते. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर क्षणभरही थांबू नका.

लेकीकडे परदेशी निघालेल्या काकूंसाठी एक गोष्ट. चार तासांहून लांबच्या विमानप्रवासात हे मोजे सूज कमी करतात आणि गुठळीचा धोकाही उतरवतात. पण आपलं बसणं विमानात सुरू होत नाही. सांगलीहून मुंबईच्या विमानतळापर्यंतच गाडीत कितीतरी तास जातात. म्हणून मोजे सकाळी घरीच घालून निघा, आणि विमानात मधूनमधून उठून चाला. आधी कधी गुठळी झाली असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल किंवा दिवस गेले असतील, तर तिकीट काढतानाच डॉक्टरांना विचारा. अशा वेळी नुसते मोजे पुरतीलच असं नाही.

मोजे कोमट पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. रोज वापरले तर सहा महिन्यांत ताण जातो. सहज वर चढायला लागला की तो मोजा संपला समजा.