पदाची उन्मुक्ती आणि कृत्याची उन्मुक्ती



अध्यक्षाने आपल्या व्यवसायाच्या सर्व शाखांवरून एकदा दृष्टी फिरवावी, असा वकिलांच्या अशा परिषदांचा शिरस्ता आहे. तो बाजूस ठेवून मी आज एकाच प्रश्नापाशी थांबण्याची परवानगी मागतो. एका राज्याच्या प्रमुखाला दुसऱ्या राज्याच्या फौजदारी न्यायालयापुढे आरोपी म्हणून उभे करता येते काय, आणि येत असल्यास केव्हा, असा तो प्रश्न आहे. वर्तमानपत्रांतील चर्चेत येथे दोन निरनिराळ्या नियमांची सरमिसळ होते, आणि ती सरमिसळ झाली की एक पक्ष सर्वच सत्ताधाऱ्यांना कायद्याबाहेर मानू लागतो, तर दुसरा कोणालाही कोठेही कैद करता येईल अशा भ्रमात राहतो.

पहिला नियम पदाच्या उन्मुक्तीचा. मनुष्य जोवर राष्ट्रप्रमुख, शासनप्रमुख किंवा परराष्ट्रमंत्री आहे, तोवर त्याच्यावरील आरोप खासगी वर्तनाचा असो वा सरकारी, पद मिळण्यापूर्वीचा असो वा नंतरचा, परकीय फौजदारी न्यायालयाने त्याच्यावर हुकूम बजावावयाचा नाही. हे संरक्षण विस्ताराने पूर्ण, पण आयुष्याने अल्प. पद सुटले की तेही सुटते. दुसरा नियम कृत्याच्या उन्मुक्तीचा. तो अध्यक्षापासून ठाण्यातील हवालदारापर्यंत कोणालाही लागू होतो, मात्र राज्याच्या वतीने केलेल्या कृत्यापुरताच. आणि ते कृत्य वस्तुतः राज्याचेच मानले जात असल्यामुळे, करणारा निवृत्त झाला तरी हे संरक्षण संपत नाही.

पहिल्या नियमाची व्याप्ती किती असते हे पाहण्यास आपल्याला फार दूर जाण्याचे कारण नाही. 1912 साली लंडनच्या न्यायालयात स्टॅथम नामक दांपत्याचा घटस्फोटाचा दावा चालला आणि त्यात महाराजा सयाजीराव गायकवाड यांना व्यभिचाराच्या आरोपावरून सहप्रतिवादी करण्यात आले. आरोप सर्वस्वी खासगी, राज्यकारभाराशी त्याचा सुतराम संबंध नाही. तरीही बडोद्याचे अधिपती हे सत्ताधारी नरेश असल्याने त्यांच्यावर दावा चालू शकत नाही, असे ठरून त्यांचे नाव वगळण्यात आले. दावा दिवाणी होता खरा, परंतु तत्त्व तेच. गंमत अशी की, त्याच गादीवरील मल्हारराव गायकवाडांना 1875 साली, रेसिडेंट कर्नल फेअर यांना विष घालण्याच्या प्रयत्नाचा आरोप ठेवून हिंदुस्थान सरकारने आपल्याच आयोगापुढे उभे केले होते, आणि आयोगाच्या सहा सभासदांत तिघांविरुद्ध तिघे अशी फूट पडल्यावरही, गैरकारभाराचे निमित्त पुढे करून त्यांना पदच्युत केले होते. बडोद्याचे सार्वभौमत्व लंडनमध्ये मान्य झाले, बडोद्यात मात्र नाही!

आता ज्या खटल्याने दुसऱ्या नियमाला पहिली मोठी भेग पाडली, त्याकडे वळतो. 11 सप्टेंबर 1973 रोजी चिलीत लष्करी उठाव करून सत्तेवर आलेले जनरल पिनोशे 1990 च्या मार्चमध्ये पायउतार झाले, आणि 1998 च्या शरद ऋतूत पाठीच्या शस्त्रक्रियेसाठी लंडनला आले असता, स्पेनचे न्यायाधीश बाल्तासार गार्सोन यांच्या वारंटावरून 16 ऑक्टोबरच्या रात्री रुग्णालयातच त्यांना अटक झाली. ते माजी राष्ट्रप्रमुख होते. म्हणजे पदाची उन्मुक्ती उरलीच नव्हती, आणि वाद केवळ कृत्याच्या उन्मुक्तीचा होता. ब्रिटनच्या 1978 च्या कायद्याने राष्ट्रप्रमुखास राजदूताइतके संरक्षण, आवश्यक त्या फेरफारांसह, दिलेले होते. आणि व्हिएन्ना कराराप्रमाणे राजदूत पदावरून गेल्यानंतर केवळ त्याच्या अधिकृत कार्यांपुरते संरक्षण शिल्लक राहते. तेव्हा प्रश्न असा उभा राहिला की, कैद्यांचा छळ करविणे हे राष्ट्रप्रमुखाचे अधिकृत कार्य मानावे काय.

खालच्या न्यायालयाने पिनोशे यांना संरक्षण आहे असे ठरविले; हाउस ऑफ लॉर्ड्सने 25 नोव्हेंबर 1998 रोजी तीन विरुद्ध दोन अशा मतांनी तो निर्णय फिरविला. बहुमतातील लॉर्ड हॉफमन यांचा ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या एका संलग्न संस्थेशी संबंध होता आणि ॲम्नेस्टी तर त्या दाव्यात मध्यस्थ म्हणून उभी होती. ही गोष्ट उजेडात येताच तो निर्णय रद्द करण्यात आला आणि सात न्यायाधीशांपुढे सारे पुन्हा ऐकले गेले. 24 मार्च 1999 च्या निकालात सहा विरुद्ध एक असे बहुमत पिनोशे यांच्या विरुद्ध गेले.

या निकालाचे मर्म त्याच्या युक्तिवादात आहे. गुन्हा भयंकर आहे म्हणून संरक्षण गळून पडते, असे लॉर्ड ब्राउन-विल्किन्सन यांनी म्हटले नाही. त्यांनी 1984 च्या छळविरोधी कराराची व्याख्याच पुढे ठेवली. त्या कराराप्रमाणे छळ म्हणजे सरकारी अधिकाऱ्याने, अथवा त्याच्या चिथावणीने वा संमतीने दिलेली यातना. म्हणजे अधिकृत हैसियत हा त्या गुन्ह्याचा घटकच आहे. मग अधिकृत कृत्य या सबबीवर संरक्षण दिले, तर ज्याच्यावर खटला भरता येईल असा मनुष्यच त्या करारात उरत नाही, आणि आरोपीवर खटला भरा किंवा त्याला हवाली करा, हे सदस्य राज्यांवर घातलेले बंधन केवळ कागदावरचे ठरते. चिली, स्पेन आणि ब्रिटन या तिन्ही राज्यांनी ते बंधन पत्करले होते. त्यांनी एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले असेल, असे मानणे न्यायाधीशांना पटले नाही.

ही वाट भक्कम आहे, पण अरुंद आहे, आणि किती अरुंद ते आरोपपत्राकडे पाहिले म्हणजे कळते. प्रत्यार्पणासाठी आरोपातील कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असले पाहिजे, आणि परदेशी केलेला छळ ब्रिटनमध्ये 29 सप्टेंबर 1988 पासूनच गुन्हा ठरला होता. शिवाय ब्रिटनची मान्यता 8 डिसेंबर 1988 रोजी पुरी झाल्यावरच करार तिन्ही राज्यांस एकत्र बांधू लागला. परिणामी उठावानंतरच्या ज्या पहिल्या वर्षांत चिलीतील दडपशाहीने कळस गाठला, ती जवळजवळ सगळीच आरोपपत्रातून निघून गेली; खुनाचे आरोपही गेले, कारण खुनाच्या व्याख्येत अधिकृत हैसियत नसते, त्यामुळे वरील तर्क तेथे चालत नाही. साडेसोळा वर्षांच्या अंमलातून शेवटचे सुमारे सव्वा वर्ष तेवढे न्यायालयाच्या हाती लागले. लॉर्ड मिलेट यांनी मात्र रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याचा आधार घेऊन, पद्धतशीर आणि व्यापक छळ हा करारापूर्वीही सर्व राज्यांच्या अधिकारक्षेत्रात येणारा गुन्हा होता, असे स्वतंत्र मत मांडले. मला स्वतःला हे मत तत्त्वतः अधिक सरळ वाटते. परंतु वकील म्हणून अशिलाला मी बहुमताच्याच आधारावर सल्ला देईन, कारण व्याख्येतून निघणारे अनुमान पुढच्या न्यायाधीशाला सहजासहजी टाळता येत नाही.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. प्रत्यार्पणास दंडाधिकाऱ्यांनी संमती दिली. पण वैद्यकीय अहवालावरून आरोपी खटल्यास सामोरा जाण्यास असमर्थ आहे असे ठरवून गृहमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी 2 मार्च 2000 रोजी त्यांना सोडून दिले, आणि दुसऱ्या दिवशी सांतियागोच्या विमानतळावर हे आजारी गृहस्थ चाकांच्या खुर्चीवरून उठून स्वागतास आलेल्यांकडे चालत गेले. डिसेंबर 2006 मध्ये कोणत्याही खटल्यात दोषी न ठरताच ते वारले.

लॉर्ड्सनी ही भेग पाडली ती फक्त दुसऱ्या नियमात. पहिल्या नियमात ती पाडण्याचा प्रयत्न बेल्जियमने केला. काँगोचे परराष्ट्रमंत्री येरोदिया एन्डोम्बासी यांनी, ते पद मिळण्यापूर्वी 1998 साली, तुत्सी लोकांविरुद्ध द्वेष भडकविणारी भाषणे केली असा आरोप ठेवून बेल्जियमच्या न्यायाधीशाने 11 एप्रिल 2000 रोजी वारंट काढले. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 14 फेब्रुवारी 2002 रोजी तेरा विरुद्ध तीन मतांनी ते बेकायदा ठरविले: पदस्थ मंत्र्याविरुद्ध, आरोप मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा असला तरी, परकीय राष्ट्रीय न्यायालयास अपवाद करता येत नाही. उन्मुक्ती म्हणजे दंडमुक्ती नव्हे, असे सांगून न्यायालयाने काही वाटाही दाखविल्या: स्वदेशाचे न्यायालय, स्वदेशाने केलेला त्याग, अधिकार असलेले आंतरराष्ट्रीय न्यायालय, आणि पद सुटल्यावर अन्य राज्याचे न्यायालय. परंतु या शेवटच्या वाटेबाबत त्याने असे लिहिले की, पदावर असताना केलेल्या कृत्यांपैकी खासगी हैसियतीत केलेल्या कृत्यांबद्दलच तेथे खटला भरता येईल. हे वाक्य, माझ्या मते, सबंध निकालातील सर्वांत शिथिल वाक्य होय. युद्धगुन्हे आणि वंशसंहार खासगी हैसियतीत सहसा होतच नाहीत. ते सैन्याच्या, पोलिसांच्या आणि सरकारी खजिन्याच्या बळावर होतात. ते वाक्य अक्षरशः घेतले तर लॉर्ड्सनी तीन वर्षांपूर्वी उघडलेले दार पुन्हा बंद होते.

प्रत्यक्षात ते तसे घेतले गेलेले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय कायदा आयोगाने 2017 साली, एकवीस विरुद्ध आठ अशा मतांनी, वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे, वर्णभेद, छळ आणि सक्तीने बेपत्ता करणे या सहा गुन्ह्यांपुढे कृत्याची उन्मुक्ती टिकत नाही, असा मसुदा स्वीकारला. आयोगात मतदान घेण्याची वेळ यावी, यावरूनच नियम अजून किती वादग्रस्त आहे ते ध्यानात यावे. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी दोन निकाल एकाच दिवशी देऊन दोन्ही नियम शेजारी शेजारी मांडले. सीरियाचे बशर अल-असद यांच्याविरुद्ध 2023 साली काढलेले वारंट त्याने रद्द केले, कारण त्या वेळी ते पदस्थ राष्ट्राध्यक्ष होते; पण आता ते पदावर नाहीत, तेव्हा नवे वारंट काढता येईल, असेही नमूद केले. सीरियाच्या मध्यवर्ती बँकेच्या माजी गव्हर्नरांनी मागितलेली कृत्याची उन्मुक्ती मात्र, अशा गुन्ह्यांपुढे ती चालत नाही म्हणून, नाकारली.

आणि आपल्याकडे? उद्या एखाद्या देशाचा माजी हुकूमशहा शस्त्रक्रियेसाठी मुंबईत उतरला, तर आपल्या दंडाधिकाऱ्याच्या हाती काय आहे? छळविरोधी करारावर भारताने 1997 साली सही केली, पण मान्यता दिलेली नाही, आणि त्या करारास अनुसरून छळाचा स्वतंत्र गुन्हाही आपल्या संहितेत नाही. म्हणजे लॉर्ड्सनी ज्या तर्कावर निकाल उभारला, त्याचा पायाच येथे उपलब्ध नाही. वंशसंहाराच्या करारास आपण 1959 सालीच मान्यता दिली, तरी त्यासाठीही वेगळा कायदा केलेला नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 86 परकीय राज्यप्रमुखांवरील दाव्यांसाठी केंद्र सरकारची संमती मागते. फौजदारी प्रकरणी ते उपयोगाचे नाही. उरतो तो 1960 चा जिनिव्हा करार अधिनियम. युद्धातील गंभीर उल्लंघने भारताबाहेर आणि कोणत्याही देशाच्या नागरिकाने केलेली असली तरी त्याच्या कक्षेत येतात. पण त्याच अधिनियमाच्या कलम 17 प्रमाणे न्यायालयास दखल घेता येते ती फक्त सरकारने, अथवा केंद्र सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने केलेल्या फिर्यादीवरून. तेव्हा उन्मुक्तीचा मुद्दा न्यायाधीशापुढे वादासाठी येण्यापूर्वीच दिल्लीतील एखाद्या सचिवाच्या मेजावर निकालात निघेल, आणि त्या फाइलीवरील शेऱ्यास आव्हान द्यावयाचे झाल्यास रिट अर्जाखेरीज आपल्याजवळ दुसरे साधन नाही. त्या अर्जाचा मसुदा कसा असावा, कोणत्या न्यायालयात तो दाखल करावा आणि करारविषयक बंधनांवर त्यात किती भिस्त ठेवावी, यावर उद्याच्या सकाळच्या सत्रात चर्चा व्हावी अशी मी सूचना करतो.