दौडीची पाटी

गेल्या वर्षी आपल्या गावात दौड झाली. तिची पाटी मीच लिहिली होती आणि ती चुकली. कशी चुकली, तेच आज सांगतो.

मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'भव्य दौड स्पर्धा. अंतर ५ किलोमीटर. सकाळी ७ वाजता. बक्षीस समारंभ ८ वाजता. सर्वांनी भाग घ्यावा.' आले कोण? पोलीसभरतीची तयारी करणारी पोरं आणि शाळेतली मुलं. बाकी गाव कडेला उभं राहून बघत होतं.

आपल्या वर्गातल्या एका आजींना मी विचारलं, "का हो, तुम्ही नाही आलात?"

त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही स्पर्धा लिहिलंत. शेवटी येऊन हसं करून घेऊ का?"

मी 'सर्वांनी' लिहिलं होतं खरं. पण आजींना त्यात आपण दिसलो नाही. 'सर्व' म्हणजे कोण, ते नावानिशी लिहायला हवं होतं.

दुसरी चूक वेळेची. चांगला धावणारा ५ किलोमीटर २०-२५ मिनिटांत जातो. हळू चालणाऱ्याला, मध्ये टेकत गेलं तर, एका किलोमीटरला २० मिनिटं लागतात. पाच किलोमीटरला १०० मिनिटं झाली. म्हणजे सातला निघालेलं माणूस ८ वाजून ४० मिनिटांनी पोचणार. मी मात्र आठलाच बक्षिसं लावली होती! चार बाया हिंमत करून चालत आल्या, तोवर शेवटची दोरी गुंडाळून झाली होती. त्यांची तोंडं पाहून मला फार वाईट वाटलं.

लंडनमधल्या बुशी पार्क नावाच्या बागेत २००४ साली १३ जणांनी अशीच दौड सुरू केली. आता ती पुष्कळ देशांत होते. तिथं एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागून चालतो. शेवटचा नंबर त्याचा. त्यामुळं दुसऱ्या कुणाला शेवटचं यावं लागत नाही. ही युक्ती आपण घेऊ.

मग यंदाची पाटी अशी लिहिली:

'गावची दौड. धावा किंवा चाला.
रविवारी सकाळी ७ वाजता, मारुतीच्या देवळापासून.
ओढ्याच्या पुलापर्यंत जाऊन परत. ५ किलोमीटर.
दमलात तर पुलावरून बैलगाडीनं परत या.
पहिल्यांदा येणारे या. आजी-आजोबा या. लुगडं नेसून, चपला घालून आलात तरी चालेल.
धावणाऱ्यांनी पुढं उभं राहावं. त्यांची वेळ घड्याळावर लिहून घेऊ.
चालणाऱ्यांनी मागं उभं राहावं. सगळ्यांच्या मागून गुरुजी येतील.
दोरी पावणेनऊपर्यंत राहील. बक्षिसं ९ वाजता.'

धावणारी पोरं कुरकुरली, "गुरुजी, वाटेत गर्दी होईल." त्यांचंही खरं आहे. म्हणून पुढं-मागं उभं राहण्याची ओळ घातली. रस्ताही दोरीनं मोजून घेतला. अंतर चुकलं तर त्यांच्या वेळेला अर्थ राहत नाही.

पाटी लावण्याआधी ती आजींना वाचायला दिली. दहा पावलांवरून त्यांनी एकेक अक्षर लावत वाचली. 'गुरुजी येतील' पाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमचे गुडघे दुखतात ना हो? मग मी तुमच्या पुढं सहज राहीन."